कॅलिफोर्नियाचा क्लायंट आणि नागपूरची रात्र : पहिल्या आठवड्यातच काय ठरवून घ्यावं

परदेशी क्लायंटचं काम घरून सुरू करणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी विचारतो, क्लायंट कुठल्या शहरातला? 'अमेरिकेतला' एवढ्या उत्तरावर काहीच ठरवता येत नाही. न्यूयॉर्कवाल्याची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. सॅन फ्रान्सिस्कोवाल्याची सकाळ मात्र आपली झोपायची वेळ. लंडनवाला असेल तर फारशी अडचणच नाही, कारण त्याचे सकाळचे साडेनऊ आपल्याकडे दुपारी दोन किंवा तीनला वाजतात. खरा त्रास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा आहे, म्हणून हा लेख त्याच्याबद्दल आहे. तुम्ही नागपुरात घरून काम करता, टीम छोटी आहे, घरात शाळेत जाणारं मूल किंवा म्हातारी माणसं आहेत आणि क्लायंट कॅलिफोर्नियातला आहे, असं धरून चालतो.

ही सगळी व्यवस्था पहिल्या आठवड्यात लावून घ्यायची असते. काम नवीन असताना क्लायंट वेळेबद्दल स्वतःहून विचारतो आणि तुमचं ऐकतोही. सहा महिने रात्री अकराला हजर राहिलात की तुम्हाला ती वेळ सोयीची आहे असा त्याचा समज होतो, आणि तो काढायला मग दुप्पट बोलावं लागतं.

आधी घड्याळ नीट समजून घ्या

भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं. कॅलिफोर्नियाचं वर्षातून दोनदा हलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे आणतात. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर अशा येतात. त्यामुळे उन्हाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा तास.

म्हणजे त्यांच्या सकाळी साडेनऊचा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री दहाला येतो आणि नोव्हेंबर लागला की अकराला. बहुतेकांची फसगत इथेच होते. जुलैमध्ये काम धरताना 'दहा वाजता ना, जमेल' असं वाटतं. नोव्हेंबरमध्ये कोणी न सांगता, न विचारता तोच कॉल अकरावर जातो आणि संपेपर्यंत बारा होतात. २०२६ ची दिवाळी तर त्या बदलाला लागूनच आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, घड्याळबदल त्याच्या बरोब्बर आठवडाभर आधी. घरात फराळाची धांदल, पाहुणे येऊन राहिलेत आणि त्यातच तुमचा कॉल तासभर उशिरा सरकलेला.

युरोपातही घड्याळ हलतं, पण तारखा वेगळ्या असतात, मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. टीममध्ये एक जण बर्लिनचा आणि एक सॅन फ्रान्सिस्कोचा असेल तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा कोणाचाच नेहमीचा हिशोब जुळत नाही. त्या दिवसांत प्रत्येक कॉलची वेळ वेगळी तपासून घ्यायची.

एखाद्या तारखेची वेळ खात्रीने काढायची असेल तर लिनक्सवर ही एक ओळ पुरते:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/Los_Angeles" 2026-11-02 07:30'
```

यात त्यांची तारीख आणि वेळ टाकली की उत्तर आपल्या वेळेत मिळतं. ही ओळ रात्री नऊ दाखवेल. तारीख बदलून 2026-10-30 केली तर त्याच साडेसातचे आपल्याकडे आठ वाजलेले दिसतील. दोन तारखांमध्ये तीन दिवसांचं अंतर आहे आणि तेवढ्यात एक तास सरकला.

आणखी एक गोष्ट अंगवळणी पाडा. मेलमध्ये वेळ लिहिताना PST, PDT ही अक्षरं टाळा. तिकडचे लोकही भर उन्हाळ्यात सवयीने PST लिहितात, आणि ते शब्दशः घेतलं तर तुम्ही तासभर चुकीच्या वेळी हजर होता. शहराचं नाव लिहा आणि दोन्हीकडची वेळ, वार आणि तारीख लिहा : 'मंगळवार, सॅन फ्रान्सिस्को सकाळी साडेआठ, नागपूर रात्री नऊ'.

संध्याकाळ की पहाट, एकच काहीतरी निवडा

पश्चिम किनाऱ्याशी बोलायला आपल्याकडे दिवसात दोनच जागा सापडतात. एक, त्यांची सकाळ. त्यांचे साडेसात ते साडेआठ आपल्याकडे रात्री आठ ते दहाच्या दरम्यान कुठेतरी पडतात. दुसरी, त्यांची संध्याकाळ. त्यांचे पाच आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात सकाळी साडेसहाला वाजतात.

पहाटेची जागा बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. रात्री दहाला झोपणाऱ्या माणसाला ती फार चांगली आहे. नागपूरच्या मे महिन्यात तर सकाळी सहा ते दहा एवढेच काय ते डोकं थंड ठेवून काम करण्याचे तास असतात. पण यात दोन अडचणी आहेत. त्यांचा सोमवार संध्याकाळ म्हणजे आपला मंगळवार सकाळ, त्यामुळे त्यांच्या शुक्रवारचा कॉल आपल्या शनिवारी पहाटे येऊन बसतो. 'तुमच्या गुरुवारनंतर कॉल नको' हे सुरुवातीलाच सांगून ठेवावं लागतं. दुसरं, सकाळी पावणेसातला मुलीची स्कूलबस असेल तर हिवाळ्यात साडेसहाचा कॉल डबा भरण्याच्या ऐन वेळेत येतो.

यातली कुठली जागा घ्यायची ते तुमचं घर आणि तुमची झोप पाहून ठरवा. मात्र दोन्ही घेऊ नका. मंगळवारी रात्री दहापर्यंत कॉल आणि बुधवारी पहाटे साडेपाचला पुन्हा कॉल, असा आठवडा शरीराला सर्वांत महाग पडतो. झोप दोन्ही बाजूंनी कापली जाते आणि कुठल्याच वेळेची सवय लागत नाही. क्लायंटने 'एखाद्या वेळी' म्हणून दुसरी वेळ मागितली तर त्या दिवसाचा पहिला कॉल रद्द करून मगच हो म्हणा.

एक उदाहरण : त्रिमूर्तीनगरातलं घर

माझ्या ओळखीतलं एक कुटुंब त्रिमूर्तीनगरात राहतं. नवरा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छोट्या कंपनीसाठी बॅकएंडचं काम करतो, बायको बँकेत आहे, मुलगी सहावीत आणि आई सोबत. त्याने जुलैमध्ये काम धरलं. रोजचा स्टँडअप त्यांच्या सकाळी साडेनऊला, अर्ध्या तासाचा. प्रत्यक्षात तो पाऊण तास चालायचा. जुलै ते ऑक्टोबर पावणेअकराला लॅपटॉप बंद व्हायचा, नोव्हेंबरपासून पावणेबाराला. त्यानंतर डोकं शांत व्हायला वेळ लागतोच, कॉलवर निघालेलं एखादं काम 'आत्ताच बघून टाकू' म्हणून उघडलं जातं, आणि झोपायला एक वाजतो. सकाळी सहाला मुलीसाठी उठायचंच. पाच तास झोप, आठवड्याचे पाच दिवस.

जेवणाचंही तसंच. कॉलच्या आधी भूक नसायची आणि नंतर रात्री बाराला उभ्याउभ्या खाणं व्हायचं. आई साडेआठपासून हाक मारायची, "अरे, ताट गार होऊन राहिलं, ये ना." मुलगी साडेनऊला झोपायची. म्हणजे शाळेतून आल्यावर ती त्याला भेटायची ती त्याच्या कामाच्या वेळेत, आणि त्याचं काम संपायचं तेव्हा ती झोपलेली.

त्याने डिसेंबरमध्ये क्लायंटच्या टीम लीडला लिहिलं. त्यात तक्रार नव्हती, एक ठोस मागणी आणि तिच्यासोबत पर्याय होते. मजकूर साधारण असा :

'नोव्हेंबरपासून आपला कॉल माझ्याकडे रात्री अकराला सुरू होतो आणि पावणेबाराला संपतो. दुसऱ्या दिवशीच्या कामावर त्याचा परिणाम होतो आहे. मी दोन गोष्टी सुचवतो. एक, रोजच्या कॉलऐवजी मंगळवार आणि गुरुवार असे दोन कॉल ठेवू, बाकीच्या दिवशी तुमची सकाळ होण्याआधी माझा लेखी अपडेट तुमच्याकडे असेल. दोन, कॉल तुमच्या सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान घेऊ. चार आठवडे करून पाहू आणि जमलं नाही तर पुन्हा बोलू.'

तिकडून उत्तर आलं की ती आठला मुलांना शाळेत सोडायला निघते आणि साडेआठपर्यंत परत येते, त्यामुळे आठचा कॉल शक्य नाही. साडेसात किंवा साडेआठ चालेल. यावर त्याने जे सुचवलं ते मला फार आवडलं : हिवाळ्यात साडेसात, उन्हाळ्यात साडेआठ. हिशोब करून पाहा. हिवाळ्यातले त्यांचे साडेसात म्हणजे आपले रात्री नऊ, आणि उन्हाळ्यातले त्यांचे साडेआठ म्हणजेही आपले रात्री नऊच. आपल्याकडे कॉल वर्षभर एकाच वेळी राहिला, आणि तास सरकवण्याचं काम ज्यांचं घड्याळ हलतं त्यांच्याकडे गेलं. हिवाळ्यात तिला आठला घराबाहेर पडायचं असल्यामुळे कॉल पंचवीस मिनिटांत आटपायला लागला. तीच शिस्त पुढे उन्हाळ्यातही टिकली.

यात लक्षात घेण्यासारखं असं की समोरच्या माणसालाही मुलं आणि शाळा आहे. 'मला उशीर होतो' एवढंच सांगितलं तर ती सहानुभूती दाखवते आणि वेळ तशीच राहते. तुमच्याकडे किती वाजतात ते आकड्यात सांगून दोन पर्याय समोर ठेवले की ती तिचं वेळापत्रक उघडून बघते.

हे ठरलेलं कॅलेंडरमध्ये नीट उतरवा

तोंडी ठरलेली वेळ कॅलेंडरमध्ये चुकीची बसली तर मार्चमध्ये सगळं पुन्हा विस्कटतं. दर आठवड्याला होणारी मीटिंग ज्या टाइमझोनमध्ये बांधलेली असते त्या शहराचं घड्याळ ती पाळते. क्लायंटने ती America/Los_Angeles मध्ये बांधली तर त्याच्याकडे वेळ कायम राहते आणि तुमच्याकडे तासभर सरकते. तुम्ही Asia/Kolkata मध्ये बांधलीत तर तुमच्याकडे कायम राहते आणि त्याच्याकडे सरकते. त्रिमूर्तीनगरच्या उदाहरणात निमंत्रण नागपुरातून पाठवलं गेलं, आपल्या टाइमझोनमध्ये, रात्री नऊचं. मग कुणालाच काही हलवावं लागलं नाही.

गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंग बनवताना वेळेच्या शेजारी Time zone असा दुवा दिसतो. तिथे काय निवडलं आहे ते पाहूनच निमंत्रण पाठवा. सेटिंग्जमध्ये Display secondary time zone सुरू करून सॅन फ्रान्सिस्को लावलंत की दोन्ही वेळा शेजारीशेजारी दिसतात आणि बोटांवर मोजणं संपतं.

क्लायंट 'निमंत्रण आमच्याकडूनच जाईल' म्हणाला तरी हरकत नाही. मग मार्च आणि नोव्हेंबरच्या पंधरा दिवस आधी स्वतःला आठवण लावा आणि त्याला लिहा की अमुक तारखेपासून वेळ बदलते आहे, आपलं ठरल्याप्रमाणे निमंत्रण सरकवा. हे काम तुमचंच आहे, कारण वेळ बदलल्याचा त्रास त्याला जाणवत नाही.

सुट्ट्यांचंही असंच. दिवाळी त्यांना निदान ऐकून माहीत असते. तान्हा पोळा आणि मारबतीचा दिवस त्यांच्या कुठल्याही कॅलेंडरवर नसतो. त्या दिवशी महाल-इतवारीकडे तुमचं घर असेल तर बाहेरच्या आवाजात कॉल होणं अवघड आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या सुट्ट्यांची यादी पाठवा आणि त्यांची मागून घ्या.

रोजचा कॉल काढून टाकायचा तर लेखी अपडेट भक्कम लागतो

कॉल कमी करण्याची खरी किंमत इथे मोजावी लागते. तुम्ही झोपलेले असताना क्लायंटचा पूर्ण दिवस चालू असतो. त्याला एखादा प्रश्न पडला आणि उत्तर मिळालं नाही तर एक दिवस वाया जातो. असं दोन-तीनदा झालं की तो रोजचा कॉल पुन्हा मागणारच, आणि त्यात त्याचं चूक नाही.

म्हणून संध्याकाळी सात-साडेसातला, त्यांची सकाळ होण्याआधी, अपडेट गेला पाहिजे. 'पेमेंटचं काम चालू आहे, उद्या होईल' असं लिहून चालत नाही. चांगला अपडेट असा असतो : 'रिफंडचं काम पूर्ण झालं, स्टेजिंगवर टाकलं आहे, तपासायला ही लिंक. अर्धवट रिफंडमध्ये कर परत द्यायचा की नाही, याचा निर्णय तुमच्याकडून हवा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी कर परत द्यायचा असं धरून पुढे जातो. नको असेल तर बदलायला मला दोन तास लागतील. उद्या इनव्हॉइसच्या पीडीएफचं काम घेतो.'

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात उपयोगी आहे. उत्तर न आल्यास तुम्ही काय धरून चालणार आहात ते तुम्ही सांगून टाकलंत. क्लायंटला ते पटलं तर काही लिहावंच लागत नाही आणि तुमचं सकाळचं काम अडत नाही. पटलं नाही तर बदलाची किंमतही त्याला कळलेली असते. समजावून सांगायला अवघड असेल तिथे तीन-चार मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. तेवढ्यासाठी लावलेला कॉल अर्ध्या तासाचा होतो.

झोपेचं गणित

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते, आणि 'मला पाच पुरतात' म्हणणाऱ्या बहुतेकांना ते पुरत नसतात. रविवारी तुम्ही किती वाजेपर्यंत झोपता ते पाहा. रोज सहाला उठणारा माणूस रविवारी दहापर्यंत झोपत असेल तर आठवडाभराची झोप थकलेली आहे. शिवाय रविवारच्या त्या उशिरा उठण्याने रात्रीही झोप उशिरा लागते आणि सोमवार आणखी जड जातो.

ज्यांचे कॉल रोज वेगळ्या वेळी संपतात त्यांच्यासाठी एक पद्धत खूप उपयोगी पडते. चोवीस तासांतले निदान चार तास असे पक्के करा की त्या वेळी तुम्ही रोज, रविवारीही, झोपलेलेच असाल. उदाहरणार्थ रात्री एक ते पाच. कॉल लवकर संपला तर आधी झोपा, उशिरा संपला तर नंतर थोडं जास्त झोपा, पण ते चार तास हलवू नका. शरीराच्या आतलं घड्याळ त्या ठरलेल्या पट्ट्याला धरून राहतं. झोपेची वेळ रोज पूर्णच बदलली तर त्याला धरायला काहीच उरत नाही आणि सकाळ संपेस्तोवर डोकं जड राहतं.

त्या घड्याळावर सर्वाधिक परिणाम प्रकाशाचा होतो. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर उजेड पडला की झोप पुढे ढकलली जाते, आणि उठल्याबरोबर बाहेरचा उजेड मिळाला की ती अलीकडे येते. म्हणून रात्रीच्या कॉलला खोलीतली मोठी ट्यूबलाइट बंद करून टेबलावरचा पिवळा दिवा लावा. तोंडावर थेट न पडता भिंतीवर पडेल असा ठेवला तरी चेहरा कॅमेऱ्यात पुरेसा दिसतो. आणि सकाळी उठल्यावर वीस मिनिटं तरी गच्चीवर किंवा रस्त्यावर चाला.

कॉफीचा अर्धा असर शरीरात साधारण पाच तास टिकतो. रात्री साडेआठला कॉलच्या तयारीत घेतलेल्या कपाचा निम्मा असर दीड वाजता शिल्लक असतो. दुपारी तीननंतर कॉफी बंद ठेवा, आणि चहाचंही प्रमाण कमी करा. कॉलच्या आधी पेंग येत असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमारास वीस मिनिटं आडवं व्हा, गजर लावून. तासभर झोपलात तर उठल्यावर जडपणा राहील आणि रात्रीची झोपही मोडेल.

कॉल संपला की पंधरा मिनिटांत लॅपटॉप मिटायचा. त्या पंधरा मिनिटांत फक्त उद्याच्या कामाच्या दोन-तीन ओळी लिहायच्या. डोक्यात फिरणारी गोष्ट कागदावर उतरली की ती अंथरुणात सोबत येत नाही. कोड उघडायचा नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावाच लागतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. कूलर चांगला चालण्यासाठी हवा बाहेर जायला एखादं दार-खिडकी उघडी लागते आणि कॉलसाठी मात्र सगळं बंद हवं असतं. शिवाय कूलरचा आवाज माइकमध्ये जातो. शक्य असेल तर कॉल एका खोलीत घ्या आणि झोपायची खोली तोवर कूलरने थंड होऊ द्या. एकच खोली असेल तर कॉलपुरता पंखा आणि कानात माइकवाला हेडफोन, आणि कॉल संपताच कूलर.

घरात काय ठरवायचं

त्रिमूर्तीनगरच्या घरात जेवण पावणेआठला आलं, सगळ्यांचं एकत्र. कॉल असो वा नसो, वेळ तीच. याचा फायदा पोटालाही झाला, कारण मध्यरात्रीचं खाणं बंद झालं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवार-गुरुवारी लाल पेनने गोल केलेले असतात. त्या दोन संध्याकाळी मुलीला झोपवण्याचं काम आईकडे किंवा आजीकडे, बाकीच्या पाच संध्याकाळी बाबाकडे. पाहुण्यांचं, लग्नाच्या रिसेप्शनचं बोलणं निघालं की आजी स्वतःच कॅलेंडर बघून 'मंगळवारी याला जमत नाही' म्हणून सांगते.

घरातल्यांना वेळेचा शेवट कळला पाहिजे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'कॉल आहे' एवढं सांगितलं तर तो कधी संपेल कोणालाच माहीत नसतं आणि सगळं घर दबकत वावरतं. 'साडेनऊला संपेल' हे सांगा आणि साडेनऊला बाहेर या. क्लायंटलाही कॉलच्या सुरुवातीलाच तो शेवट सांगा.

रात्रीचा तातडीचा फोन हा विषय वेगळा लिहून घ्या. तातडीचं म्हणजे काय, हे करारात असावं : साइट बंद पडली, पैसे अडकले, ग्राहकांचा डेटा उघडा पडला. एवढंच. बटणाचा रंग त्यात बसत नाही. अशा वेळी क्लायंटने फोन करायचा, मेसेज टाकायचा नाही. मग तुम्ही रात्री बाकी सगळी नोटिफिकेशन बंद ठेवू शकता आणि फक्त त्या एका नंबरला वाजण्याची मुभा देता. आणि रात्री दोनला उठून दीड तास काम केलं तर दुसऱ्या दिवशीचं काम तेवढं उशिरा सुरू होईल, हेही त्याच परिच्छेदात असू द्या.

पूर्ण रात्रपाळी असेल तर

मिहानमध्ये किंवा आयटी पार्कला सपोर्टची रात्रपाळी करणाऱ्यांना वरची सौदेबाजी करता येत नाही, वेळ कंपनी ठरवते. त्यांनी दिवसाची झोप रात्रीसारखीच जपावी. मे महिन्यात सकाळी सहालाच ऊन डोळ्यांत येतं आणि तोच उजेड झोप घालवतो, म्हणून घरी येताना गॉगल लावा. टपरीवर पोहे-चहाला तासभर थांबू नका. खोलीला जाड गडद पडदे, दारावर घरच्यांसाठी उठण्याची वेळ लिहिलेला कागद, आणि दूधवाल्यापासून कुरियरपर्यंत सगळ्यांना दुपारी दोननंतर यायला सांगितलेलं.

सुट्टीच्या दिवशी पुन्हा पूर्ण रात्रीच्या झोपेवर जायचा मोह होतो. त्याऐवजी मधली वेळ धरा. पाळीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन झोपत असाल तर सुट्टीला पहाटे तीन ते सकाळी अकरा झोपा. चार तास जुळतात आणि दुपार-संध्याकाळ घरच्यांना मिळते.

पहाटे स्वतः दुचाकी चालवत वर्धा रोडने येणं टाळा. पहाटेचे ते दोन-तीन तास पेंग येण्याचे सगळ्यात धोकादायक तास असतात, आणि तुम्ही तर रात्रभर जागे असता. कंपनीची कॅब असेल तर तीच घ्या. नसेल तर निघण्याआधी ऑफिसातच वीस मिनिटं डोळे मिटा.

केव्हा थांबायचं

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, वेळ असूनही झोप लागत नाही किंवा मधेच मोडते, आणि हे तीन महिने चाललं आहे, असं असेल तर तो वेळापत्रकाचा प्रश्न राहिलेला नाही, डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका. घोरणं मोठं असेल आणि सात तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याचं कारण बऱ्याचदा कॉलमध्ये नसतं.

आणि कामाकडेही त्याच वेळी पाहा. दर तीन महिन्यांनी गेल्या चार आठवड्यांचं कॅलेंडर उघडा आणि रात्री साडेदहानंतर संपलेले कॉल मोजा. एखाद-दुसरा असेल तर चालतं. आठवड्याला दोन होत असतील तर ठरलेलं मोडलं आहे. त्याच आठवड्यात क्लायंटला ती यादी तारखांसकट पाठवा आणि मूळ वेळेवर परत या. तो तयार नसेल तर त्या कामाचा तासाचा दर रात्रपाळीचा लावा किंवा करार संपताना पूर्व किनाऱ्यावरचा क्लायंट शोधा. न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठचा कॉल तुमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला येतो, आणि जेवणाच्या आधी संपतो.